विषय : पगार कमी आल्याबाबत

पुण्यातला माणूस पत्र लिहायला घाबरत नाही. जिन्यात कुणाच्या चपला जास्त आल्या तर तो सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहितो. रस्त्यावरचा दिवा दुपारी जळत असेल तर महापालिकेला लिहितो, आणि महापालिकेने उत्तर दिलं नाही तर वर्तमानपत्राला लिहितो. हाच माणूस स्वतःचा पगार कमी आला की एकदम विनम्र होतो. कंपनीच्या एचआरला तो जो मेल पाठवतो त्याची सुरुवात ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ अशी असते. पुढे ‘त्रास देत आहे, क्षमस्व’ येतं आणि त्याच्यामागे ‘कदाचित माझीच समजण्यात गफलत होत असेल’. ज्याचा खिसा कापला गेला तोच माफी मागतो आहे, असा हा जगातला बहुधा एकमेव पत्रप्रकार असावा.

याचं कारण मला वाटतं ते असं. आपल्याकडे पगार हा विषय लग्नाच्या पंगतीत दूरचे मामा उघडपणे विचारू शकतात, पण जो देतो त्याच्याकडे काढायचा नाही. काढला तर आपण पैशाला हपापलेले दिसू, अशी भीती असते. वास्तविक महिनाभर कामाला जातो ते हपापलेलो असतो म्हणूनच. पण ते उघड बोलत नाहीत.

नोव्हेंबरच्या पगाराचा मेसेज आला तेव्हा तो आधी बायकोने वाचला. घराच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जातो, त्यामुळे त्या मेसेजकडे तिचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त असतं. “अरे, तुझा पगार कमी झाला का?” तिने ज्या सुरात विचारलं त्यात काळजी थोडी आणि संशय जास्त होता. दर महिन्याला ५६,२०० रुपये यायचे, ते ४८,६८० आले होते. ७,५२० रुपये कुठे गेले, याचा हिशेब मला देता येईना. कारण या आकड्याला काही रूपच नव्हतं. दंड असता तर गोल आकडा असता. कर असता तर पोटात दुखलं असतं, पण कारण कळलं असतं.

ऑफिसात मी हा आकडा शेजारच्या टेबलावर सांगितला. तिथे लगेच तीन जण जमले. दुसऱ्याच्या कापलेल्या पगारावर चर्चा करायला आमच्याकडे कुणाला कामाचा ताण नसतो. एकाने ७,५२० ला चाराने भागून दाखवलं. १,८८० आले. “चार दिवसांचा पगार कापलाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, माझा एका दिवसाचा पगार दोन हजार होतो. त्यावर तो म्हणाला, “म्हणजे तुला सवलतीत कापलंय.”

त्याचं गणित बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा होता. माझा एकूण पगार महिन्याला साठ हजार. त्यात मूळ पगार तीस हजार, घरभाडे भत्ता बारा हजार आणि उरलेले अठरा हजार ‘विशेष भत्ता’ या नावाखाली. त्यात विशेष काय आहे ते कुणालाच माहीत नाही. यातून मूळ पगाराच्या बारा टक्के, म्हणजे ३,६०० रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात, आणि दोनशे रुपये व्यवसाय कर. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात फेब्रुवारीत तीनशे होतो, का ते विचारू नका, वर्षाचे अडीच हजार भरायला शंभर कमी पडतात म्हणून. राहिले ५६,२००.

आता तीस दिवसांच्या महिन्यात चार दिवस बिनपगारी धरले की आठ हजार कापले जातात. पण ते एका ठिकाणाहून कापले जात नाहीत. तिन्ही ओळींना सारखी कात्री लागते. मूळ पगार तीसचा सव्वीस हजार होतो. मूळ पगार घटला की त्यावरचा पीएफही घटतो, ३,६०० चा ३,१२० होतो. म्हणजे पीएफमध्ये ४८० रुपये कमी कापले गेले, म्हणून हातात आठ हजारांऐवजी ७,५२० च कमी आले. सवलत वाटली ती ही. प्रत्यक्षात ते ४८० माझ्याच म्हातारपणातून गेले होते, आणि कंपनी माझ्याइतकाच पीएफ स्वतःचा घालते, तोही ४८० ने कमी पडला होता. सगळं मिळून नुकसान ८,४८० चं. स्लिप नीट वाचली नाही तर माणूस ७,५२० साठी भांडतो आणि ९६० रुपये कुणाच्याही लक्षात न येता सोडून देतो.

आमच्या स्लिपवर डाव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, `LOP Days : 4` असं छापलेलं होतं. एलओपी म्हणजे बिनपगारी दिवस. सगळी स्लिप माणूस खालून वाचतो, कारण खाली हाती येणारी रक्कम असते. कारण वरच्या कोपऱ्यात असतं.

आता हे चार दिवस कुठून आले? मी रजा घेतली होती दोन दिवसांची. सोळा नोव्हेंबरला, रविवारी, सांगलीला भाचीचं लग्न होतं. मामा म्हटल्यावर शुक्रवारी संध्याकाळी पोचून चालत नाही, आंतरपाटाच्या मागे उभं राहण्याआधी मामाला सामान उतरवावं लागतं. म्हणून शुक्रवार चौदा आणि सोमवार सतरा असे दोन दिवस मी तीन नोव्हेंबरलाच पोर्टलवर टाकले. शिल्लक रजा अकरा दिवस होती. साहेबांना केबिनमध्ये जाऊनही सांगितलं. साहेब म्हणाले, “जा की. लग्नाला मामा नको का?” त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठाही दाखवला. मी अंगठा म्हणजे मंजुरी समजून सांगलीला गेलो. सगळं जग तेच समजतं.

फक्त पोर्टल समजत नाही. पोर्टलला केबिनमधलं बोलणं ऐकू येत नाही, आणि अंगठा तर त्याला फक्त दारातल्या हजेरीच्या मशीनवर लागतो. आमच्याकडे हजेरीचा महिना एकवीस ते वीस असतो. वीस तारखेला संध्याकाळी हजेरी बंद होते, कारण पुढच्या दहा दिवसांत पगार काढायचा असतो. त्या क्षणी ज्या दिवशी मशीनवर अंगठा नाही आणि मंजूर रजाही नाही, त्या दिवसापुढे `A` उमटतो. A म्हणजे गैरहजर. माझी रजा तेव्हा ‘प्रलंबित’ होती. साहेब एकवीस तारखेला सकाळी चहा घेऊन बसले आणि साठलेल्या सगळ्या रजा त्यांनी एका दमात मंजूर केल्या. साहेबांच्या दृष्टीने हे वेळेवरच होतं. हजेरीच्या दृष्टीने माझा महिना संपून एक रात्र उलटली होती.

इथपर्यंत दोन दिवस झाले. उरलेले दोन शनिवार-रविवारचे. त्यांच्यापुढे एरवी `WO` असतं, साप्ताहिक सुट्टी. पण दोन्ही बाजूंना A आला की मधली सुट्टीही A होते, असा नियम आहे, आणि त्याला सगळीकडे ‘सँडविच’ म्हणतात. बाजूच्या दोन दिवसांत मधले दोन दाबून खातात. तेव्हा माझी भाची ज्या दिवशी बोहल्यावर उभी होती त्या रविवारी मी कंपनीच्या लेखी कामावरून गायब होतो. आणि कंपनी त्या दिवशी बंद होती.

खरी गंमत पुढे आहे. एकवीस तारखेला साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं तेव्हा रजेच्या खात्याने आपलं काम चोख केलं. अकरामधून दोन रजा वजा करून नऊ केल्या. हजेरीचं खातं बंद झालं होतं, पण रजेचं खातं उघडं होतं, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे चार दिवसांचा पगार गेला आणि दोन दिवसांची रजाही गेली. दोन दिवसांच्या लग्नाचे मी सहा दिवस भरले. भाचीच्या सासरच्यांनी इतकं मागितलं नव्हतं.

या ठिकाणी पत्र लिहायची वेळ येते, आणि पत्र बिघडवायचे दोन मार्ग मी ऑफिसात राहून जवळून पाहिले आहेत. पहिला मार्ग हृदयाचा. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याचा असाच पगार कापला गेला तेव्हा त्याने मेल लिहिला तो आम्हा सगळ्यांना दाखवला होता. त्यात तो या कंपनीत कधी लागला, करोनाच्या काळात त्याने घरून किती उशिरापर्यंत काम केलं, मुलीच्या शाळेची फी किती आहे, आणि आपल्या कष्टांची ही किंमत का, हे सगळं होतं. वाचताना आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणत्या तारखांचा पगार कापला हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. उत्तर दोन ओळींचं आलं. आपल्या भावना पोचल्या, कृपया तारखा कळवा.

दुसरा मार्ग कायद्याचा. हा मार्ग घेणारा माणूस पहिल्याच ओळीत कामगार आयुक्तांचं नाव काढतो. त्याला कायदा माहीत असतोच असं नाही, पण आयुक्त माहीत असतात. एचआर अशी पत्रं वाचत नाही, ती सरळ विधी विभागाकडे पाठवते, आणि विधी विभागात गेलेलं पत्र पुढच्या पगाराआधी बाहेर येत नाही. वास्तविक कायद्यात एक फार सुंदर, कामाचं वाक्य आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते राहिलं आहे. त्याचा मथितार्थ असा की, गैरहजेरीबद्दल कापायची रक्कम त्या काळातल्या एकूण कामाच्या वेळेशी गैरहजेरीचं जे प्रमाण असेल त्याहून जास्त असता कामा नये. साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे.

हे त्रैराशिक जिथे बिघडतं ती जागा ओळखता आली पाहिजे. काही कंपन्या दिवसाचा पगार काढायला महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागतात, काही सव्वीसने. सव्वीसने भागतात त्यांनी रविवार आधीच बाजूला काढलेले असतात, म्हणून भागाकार मोठा येतो. माझ्या पगाराला तो २,३०८ च्या आसपास येईल. आता ज्याने रविवार वगळून भागलं त्याने कापताना पुन्हा रविवार मोजला, तर तो एकच रविवार दोनदा खातो. आमच्याकडे महिन्याचे जितके दिवस तितक्यांनी भागतात, त्यामुळे हा आरोप मला करता आला नाही. मला थोडं वाईट वाटलं.

मला वाट दाखवली ती सासऱ्यांनी. ते जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झाले. आस्थापना शाखेत आयुष्य गेलं, शेकडो लोकांची सेवापुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. रविवारी ते जेवायला आले होते आणि बायकोने वरण वाढता वाढता माझी अब्रू त्यांच्या पानात वाढली.

“जावईबापू, मधला रविवार धरला म्हणता?” त्यांनी विचारलं. त्यांना पैशापेक्षा रविवारचं जास्त लागलं होतं. “आमच्याकडे किरकोळ रजेत मधली सुट्टी मोजत नाहीत. अर्जित रजेत मोजतात. पण मोजतात म्हणजे रजेत मोजतात. मंजूर रजेतल्या रविवारचा पगार कापलेला मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.”

मी म्हटलं, मंजुरी एक दिवस उशिरा आली.

“मग कार्योत्तर मंजुरी,” ते म्हणाले. माझं काम झाल्यासारखे ते पुन्हा जेवू लागले.

त्या एका शब्दाने प्रश्न सुटल्यात जमा होता. सरकारात घटना आधी आणि मंजुरी नंतर, हा रोजचा व्यवहार आहे. मंजुरी नंतर आली तरी ती घटनेच्या तारखेपासून लागू होते. आमच्या चकचकीत कंपनीला हे माहीत नव्हतं, कारण तिथे सगळं संगणकावर आहे.

जेवण झाल्यावर मी त्यांना माझ्या मेलचा मसुदा वाचून दाखवला. पहिल्या वाक्यानंतर त्यांनी हात वर केला. “कुशल असाल अशी आशा? त्यांच्या कुशलाशी तुमचा काय संबंध? विषय कुठाय? संदर्भ कुठाय?” मग त्यांनी मला पत्र सांगितलं आणि मी ते उतरवून घेतलं. कंपनीला ते इंग्रजीतच गेलं, पण हाडं त्यांनी मराठीत बसवली होती, तेव्हा इथे मराठीतच देतो :

“विषय : नोव्हेंबरच्या वेतनातून चार दिवसांची चुकीने झालेली बिनपगारी कपात रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) माझा रजेचा अर्ज, दिनांक ३ नोव्हेंबर. २) रजा मंजुरी, दिनांक २१ नोव्हेंबर. ३) नोव्हेंबरची वेतनचिठ्ठी.

दिनांक १४ व १७ नोव्हेंबर या दोन दिवसांची अर्जित रजा मी संदर्भ १ अन्वये आगाऊ मागितली होती. ती संदर्भ २ अन्वये मंजूर झाली असून माझ्या खात्यातून दोन दिवस वजाही झाले आहेत. तथापि हजेरीपत्रकात १४ ते १७ नोव्हेंबर हे चारही दिवस गैरहजर दाखवून संदर्भ ३ मध्ये ८,००० रुपयांची कपात झाली आहे.

तरी, (अ) १४ व १७ नोव्हेंबर हे दिवस रजा म्हणून आणि १५ व १६ नोव्हेंबर हे साप्ताहिक सुट्टी म्हणून दुरुस्त करावेत, (आ) नोव्हेंबरचे बिनपगारी दिवस चारऐवजी शून्य करावेत, (इ) फरक नोव्हेंबरच्याच दराने, वेतनाच्या त्याच शीर्षांखाली, भविष्य निर्वाह निधीसह अदा करावा.

सोबत : वरील तिन्हींच्या प्रती.”

बस. शेवटी ‘आपला विश्वासू’ही त्यांनी काढायला लावलं. म्हणाले, विश्वास संदर्भात आहे.

या पत्रात मला सुरुवातीला एकच गोष्ट खटकली. त्यात कुठेही ‘माझे पैसे द्या’ असं नव्हतं. दिवस दुरुस्त करा, असंच सगळीकडे होतं. पण ऑफिसातल्या अकाउंट्सच्या ताईंशी बोललो तेव्हा सासरे किती पुढचं बघत होते ते कळलं. आमचा पगार एचआर काढतच नाही. एचआर दर महिन्याला एक एक्सेल बनवते. त्यात एका रकान्यात कर्मचाऱ्याचा क्रमांक आणि दुसऱ्या रकान्यात बिनपगारी दिवस. ती फाइल दुसऱ्या शहरातल्या एका कंत्राटदार कंपनीकडे जाते आणि तिथे पगार निघतो. त्या कंत्राटदाराला मी कोण, भाची कोण, सांगली कुठे, काही ठाऊक नाही. त्याला माझ्या क्रमांकापुढे चार दिसला, त्याने चार कापले. “त्या रकान्यात राग लिहायला जागा नाही हो,” ताई म्हणाल्या. म्हणजे माझ्या पत्राने एकच काम करायचं होतं. त्या रकान्यातला चार पुसून शून्य करायला लावायचा.

आता एचआरबद्दल थोडं न्यायाने बोललं पाहिजे. आमच्या एचआरमध्ये या तक्रारी बघणारी मुलगी नुकती लागलेली आहे. तिच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेपासून अशा मेलचा पूर येतो, आणि तिचाही पगार याच यंत्रातून निघतो. तिला नियम बदलता येत नाही, फक्त दुरुस्तीची फाइल भरता येते. जे पत्र वाचून ती फाइल भरता येईल तेच तिच्यासाठी चांगलं पत्र.

पहिलं उत्तर मात्र तिने लिहिलं नव्हतं, यंत्राने लिहिलं होतं. तिकीट क्रमांक मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी तेच तिकीट ‘धोरणानुसार कपात योग्य’ अशा शेऱ्यासह बंद झालं. वर एक प्रश्नावली आली : आमच्या सेवेवर आपण किती समाधानी आहात? पाच तारे होते. मी ते पुढच्या खेपेसाठी राखून ठेवले.

बंद तिकीट पुन्हा उघडताना मी एकच ओळ लिहिली. धोरणातलं कोणतं कलम? कारण तोवर मी धोरणाची पीडीएफ काढून वाचली होती. ती वाचणारा मी बहुधा पहिला कर्मचारी असेन. सँडविचचं कलम त्यात होतं, पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मधल्या सुट्ट्या मोजायच्या त्या विनापरवानगी गैरहजेरीत. माझी परवानगी होती. उशिरा उठलेली होती, पण होती.

या ओळीवर खरी माणसं जागी झाली. एचआरमधल्या त्या मुलीचाच फोन आला. ती खरोखर चांगलं बोलली. म्हणाली, सर, तुमचं बरोबर आहे, पण नोव्हेंबर आता लॉक झालाय, तेव्हा आम्ही डिसेंबरमध्ये तुम्हाला ७,५२० रुपये ‘अ‍ॅड हॉक भत्ता’ म्हणून देतो, चालेल?

चांगुलपणाने दिलेला हा प्रस्ताव होता आणि सगळ्यात महागही. मला माझेच पैसे बक्षीस म्हणून मिळणार होते. हाती येणारी रक्कम पैशापैशाने तीच, त्यामुळे नव्वद टक्के लोक इथे हो म्हणतात आणि मिठाई वाटतात. पण असं केलं तर नोव्हेंबरचे चार दिवस कायमचे बिनपगारी राहणार. मूळ पगार सव्वीस हजारच राहणार, दोन्ही बाजूंचे ९६० पीएफमध्ये कधीच जाणार नाहीत. आणि रेकॉर्डवर मी चार दिवस न सांगता पळालेला माणूस. पुढे कुणी बढतीच्या वेळी हजेरी काढली तर ते चार A तिथे माझी वाट बघत बसलेले असणार.

मी तिला नम्रपणे पत्रातल्या (इ) कडे वळवलं. ‘त्याच शीर्षांखाली’ हे शब्द सासऱ्यांनी का घातले होते ते मला तेव्हा समजलं. तिने ताईंना विचारलं, ताईंनी कंत्राटदाराला विचारलं, आणि मग असं कळलं की बिनपगारी दिवस उलटे फिरवायची सोय त्या यंत्रात पहिल्यापासून आहे. तिला वेगळा रकाना आहे, `LOP Reversal Days`. तो भरला की थकबाकी मूळ पगार, घरभाडे आणि विशेष भत्ता अशी आपोआप वाटली जाते आणि पीएफही त्यावर कापला जातो. कुणी मागत नाही, म्हणून कुणी भरत नाही.

त्यातही एक खाच होती. डिसेंबर एकतीस दिवसांचा. उलटे फिरवलेले चार दिवस डिसेंबरच्या दराने काढले असते तर साठ हजार भागिले एकतीस गुणिले चार, म्हणजे ७,७४२ रुपये झाले असते. कापताना तिसाने आणि देताना एकतीसने भागलं तर २५८ रुपये महिन्याच्या लांबीत विरघळतात. त्यासाठी पत्रात ‘नोव्हेंबरच्याच दराने’ होतं. सासरे म्हणाले, फेब्रुवारीत कापून मार्चमध्ये परत देतात तिथे तर फारच जपावं लागतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण फेब्रुवारीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा अजून गंभीर होतो.

डिसेंबरची स्लिप आली. थकबाकी मूळ पगार ४,०००, घरभाडे १,६००, विशेष भत्ता २,४००. पीएफ एका महिन्यापुरता ४,०८०. हाती ६३,७२०. बायकोने मेसेज वाचला आणि म्हणाली, “अरे, पगार वाढला का?” मी हो म्हणायच्या आत तिनेच ७,५२० वजा करून पाहिले. रजेची शिल्लक नऊ, ती बरोबरच होती, दोन दिवस मी खरोखर सांगलीत होतो. हजेरीपत्रकात सोळा नोव्हेंबरपुढे पुन्हा `WO` आलं. प्रश्नावलीत मी चार तारे दिले. पाचवा साहेबांसाठी कापला.

साहेबांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. आता ते रजेचा अर्ज आला की लगेच मंजूर करतात, वाचतही नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचीच रजा स्वतः मंजूर करायचा प्रयत्न केला.

ज्यांनी स्लिप अजून उघडली नसेल त्यांनी आज उघडावी आणि खालून नव्हे, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचावी. तुमच्या कंपनीची हजेरी कोणत्या तारखेला बंद होते ते विचारून ठेवा, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी पोर्टलवर तुमची रजा ‘मंजूर’ दिसते आहे की ‘प्रलंबित’, एवढं बघा. प्रलंबित दिसली तर साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि ते बटण दाबेपर्यंत तिथून हलू नका.